पॅन तापवताना होणाऱ्या तीन चुका, या टाळा

माझ्या क्लासच्या पहिल्या दिवशी मी सगळ्यांना गॅस पेटवून रिकामा स्टीलचा पॅन ठेवायला सांगते, आणि मग काहीही न टाकता नुसतं उभं राहायचं. मिनिटभरात निम्मे जण चुळबुळ करायला लागतात, कोणीतरी तेलाची बाटली उचलतंच. पहिली चूक इथेच होते, पॅन तापायच्या आधीच सगळं आत.

गॅस मोठा दिसतोय म्हणजे पॅन तापलाय असं नसतं. जाड बुडाच्या स्टीलच्या पॅनला मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं तरी लागतात. पाण्याचे दोन थेंब टाकून बघा. थेंब तसाच बसून राहिला तर पॅन थंड आहे, पसरून चुरचुरत उडाला तर तापतोय, आणि गोळी होऊन पॅनभर पळायला लागला तर चांगलाच तापलाय, आता आच थोडी कमी करून पाणी पुसून घ्या आणि मग तेल. तेल पातळ होऊन त्यावर लाटा दिसल्या की अंडं फोडायचं. थंड स्टीलवर अंडं घातलं तर पांढरा भाग शिजता शिजता धातूला धरून बसतो, मग आपण उलथन्याने खरवडतो आणि खापर पॅनवर फोडतो. नॉनस्टिकला मात्र ही टेस्ट करू नका, तो रिकामा तापवायचाच नाही, साधारण २६० अंशांच्या वर त्याचं कोटिंग खराब व्हायला लागतं आणि मोठ्या आचेवर रिकामा पॅन तिथवर पटकन पोचतो. त्यात आधी तेल घाला, आच मध्यम.

दुसरी चूक जास्त नडते, कारण ती करताना कळतच नाही. मागच्या बॅचमध्ये एकाने पॅन अगदी व्यवस्थित तापवला, तेल घातलं आणि २५० ग्रॅम मशरूमचे काप एकदम ओतले, पॅन २४ सेंटीमीटरचा. आधी मस्त चर्र आवाज आला, दीडेक मिनिटात तो आवाज बसला आणि खदखद सुरू झाली, बघतो तर तळाशी करडं पाणी. त्याने घाबरून गॅस फुल केला, तरी दहा मिनिटांनी हातात काय आलं तर आक्रसलेले, पांढुरके, रबरासारखे काप.

झालं काय, तर मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. साध्या तापमानाचं पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते त्याच्या सहा पटींहून जास्त त्याची वाफ करायला लागते, आणि ती सगळी तुमच्या पॅनमधून जाते. वर गर्दी असली की वाफेला बाहेर पडायला जागा नाही. तळाशी पाणी साचलेलं असेपर्यंत तिथलं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही, आणि खमंग तपकिरी रंग यायला साधारण १४० च्या पुढे जावं लागतं. म्हणजे तुम्ही परतत नाही, उकडताय.

त्याला मी दुसऱ्यांदा तेवढेच मशरूम दोन भागांत करायला लावले. एकच थर, कापांमध्ये थोडी जागा, पहिली दोन मिनिटं हलवायचं नाही (हे सगळ्यात कठीण, हात शिवशिवतात!) आणि मीठ शेवटी, कारण मिठाने पाणी आणखी सुटतं. पाच-सहा मिनिटांत पहिला घाणा तयार, चर्र आवाज शेवटपर्यंत टिकला. कान उघडे ठेवा, आवाज बसला की गर्दी झाली समजा. आणि गर्दी होऊनच बसली असेल तर वरून तेल ओतू नका, झाकण काढा, आच मोठी करा, सगळं पाणी आटू द्या, मग रंग येतो. मशरूम तसा सोशिक, जमतं त्याचं.

तिसरी चूक म्हणजे सुरुवातीला फुल केलेला गॅस तसाच फुल. बोटभर जाडीचे बटाट्याचे काप असे केले की बाहेरून काळे, आतून कचकच कच्चे. रंग धरला की लगेच आच मंद करा, झाकण ठेवा, पाचेक मिनिटांनी सुरी टोचून बघा. पण नॉब फिरवला म्हणजे पॅन लगेच थंड झाला असं नाही, जाड लोखंडी पॅन तर बराच वेळ तापलेला राहतो, म्हणून करपायला लागलं असं वाटलं तर पॅनच उचलून बाजूला धरा, नॉबचं नंतर बघू. लसूण घालायचा असेल तर तो अशा बाजूला घेतलेल्या पॅनमध्ये घाला, उरलेल्या उष्णतेवर अर्ध्या मिनिटात होतो.