पाच मिनिटांचं भाषण आणि तीस सेंटिमीटर वायर

अमेरिकी नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर श्रोत्यांना ११.८ इंचांचा वायरचा तुकडा दाखवायच्या. प्रकाश निर्वात पोकळीत एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, एवढंच अंतर कापतो. उपग्रहावरून संदेश यायला वेळ का लागतो, हे त्या या तुकड्यावरून समजावत. एकाच वस्तूवर छोटं भाषण उभं करायला शिकायचं असेल, तर ही वायर उत्तम.

विषय घ्या : लंडनच्या सर्व्हरवरचं पान मुंबईत उघडायला वेळ का लागतो? वायर एक तारीच घ्या. अनेक तारांची वायर हातात लोंबकळते आणि लांबी कळत नाही. रंग कपड्यांवर उठून दिसणारा हवा, पांढऱ्या शर्टावर लाल चालेल. बरोबर ३० सेंटिमीटर कापा आणि एका टोकापासून २० सेंटिमीटरवर काळ्या टेपचा एक वेढा द्या. खिशात ठेवली तर ती वाकते, म्हणून टेबलावर फाइलमध्ये सरळ ठेवा.

पहिली दोन मिनिटं वायरचं नावही काढू नका. सूत्रसंचालकालाही सांगून ठेवा, नाहीतर तो ओळख करून देतानाच गुपित फोडतो. आधी पान उघडण्यातला उशीर सांगा, मग नॅनोसेकंद म्हणजे काय ते. त्यानंतर विचारा, "एवढ्या वेळात प्रकाश किती लांब जात असेल? हातांनी दाखवा." कुणी हात पूर्ण पसरेल, कुणी खिडकीबाहेर बोट दाखवेल. सगळा परिणाम या अंदाजावर उभा आहे, कारण ज्याने अंदाज केलेला नाही त्याला ३० सेंटिमीटर पाहून काहीच वाटत नाही. हात वर असतानाच पॉवरपॉइंटमध्ये B दाबून पडदा काळा करा, वायर काढा, अंगापासून थोडी दूर, छातीच्या उंचीवर आडवी धरा आणि तीन सेकंद गप्प राहा. नवखे वक्ते इथेच चुकतात. वायर बाहेर येताच ते बोलू लागतात आणि लोक धड पाहतही नाहीत, धड ऐकतही नाहीत.

टेपचा वेढा तोवर मुठीत झाकलेला असू द्या. मग मूठ सरकवून तो दाखवा : इंटरनेटच्या केबलमधल्या काचेच्या फायबरमधून प्रकाश त्याच वेळात साधारण २० सेंटिमीटरच जातो. आता हिशेब मांडा. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, फायबरमधला वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. म्हणजे जायला ३६ आणि परत यायला ३६, असे किमान ७२ मिलिसेकंद. केबल सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच.

"वीज तारेतून एवढी जाते" असं मात्र म्हणू नका. तांब्याच्या तारेत संकेत निर्वात पोकळीतल्या प्रकाशापेक्षा हळू जातो आणि श्रोत्यांत भौतिकशास्त्राचा एखादा विद्यार्थी असतोच.

वायर बोलता बोलता सभागृहात फिरवू नका. ती ज्या रांगेत जाते ती रांग ऐकायची थांबते. वाटायचे तुकडे आधीच कापून दाराशी ठेवा.