‘६४ पानं आहेत, कोटेशन पाठवा’: भाषांतरकाराने पहिलं उत्तर काय द्यावं

इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं स्वतंत्रपणे घ्यायला लागलात की पहिल्या महिन्यातच असा मेसेज येतो: ‘सर, इंग्लिश टू मराठी, ६४ पेजेस. बेस्ट रेटचं कोटेशन पाठवा.’ ना फाइल, ना विषय, ना तारीख. नवख्या माणसाचा हात लगेच कॅल्क्युलेटरकडे जातो. माझाही गेला होता. एका संस्थेचं ४० पानांचं दस्तऐवजाचं काम मी पानाला २५० रुपये सांगून १०,००० रुपयांत घेतलं. पानं आली ती जुन्या टाइपराइटरवरच्या प्रतीची स्कॅन, बारीक अक्षर, दोन ओळींत जेमतेम अंतर. एका पानात पावणेसहाशेच्या आसपास शब्द भरले. म्हणजे एकूण २३,००० शब्द, आणि शब्दाला हातात पडले ४३ पैसे. त्यांनी मला फसवलं नव्हतं. ‘पान’ म्हणजे किती, हे मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून फाइल पाहिल्याशिवाय मी एकूण रक्कम सांगत नाही. पण ‘आधी फाइल पाठवा, मग बघू’ एवढंच उत्तरही देत नाही. दर विचारणाऱ्याला त्यातून टोलवाटोलवीचा वास येतो आणि तो पुढच्या नंबरवर जातो. त्याला साहेबांसमोर काहीतरी आकडा ठेवायचा असतो. म्हणून पहिल्याच उत्तरात माझा शब्दाचा दर उघड सांगतो आणि सोबत तीन प्रश्न विचारतो.

फवारणी पंप बनवणाऱ्या एका लहान कारखान्याचं उदाहरण सांगतो. वरचा ६४ पानांचा मेसेज त्यांचाच. मी अर्ध्या तासात लिहिलं:

‘नमस्कार सर. माझा दर मूळ इंग्रजी मजकुराच्या शब्दाला २ रुपये आहे, त्यात एकदा दुरुस्त्या करून देणं धरलेलं आहे. ६४ पानांची नेमकी रक्कम सांगायला तीन गोष्टी हव्यात. १) फाइल वर्डमध्ये आहे की पीडीएफ? शक्य असेल तर पूर्ण फाइल पाठवा, नाहीतर मधल्या कुठल्याही दोन पानांचे फोटो चालतील. २) मराठी मजकूर शेवटी कुठे वापरणार, छापील पुस्तिकेत की वेबसाइटवर? ३) कोणत्या तारखेला हातात हवं आणि तुमच्याकडे ते कोण तपासणार? उत्तरं मिळाली की आजच कोटेशन देतो.’

यातला एकही प्रश्न रिकामा नाही. वर्डची फाइल असली तर शब्द मोजायला दहा सेकंद लागतात. पीडीएफ स्कॅन असेल तर त्यातला मजकूर थेट उचलता येत नाही, मोजणी अंदाजाने होते आणि तक्ते पुन्हा बांधावे लागतात, तो वेगळा आकार. ‘मधल्या’ पानांचे फोटो मुद्दाम मागतो, कारण पहिल्या दोन पानांवर बहुधा नाव, लोगो आणि अनुक्रमणिका असते.

बजेट मी पहिल्या उत्तरात विचारत नाही. समोरच्याला वाटतं, हा आपला खिसा बघून दर ठरवणार.

एका तासात फाइल आली आणि त्यासोबत हे: ‘छापायचं आहे. १२ दिवसांनी कृषी प्रदर्शन आहे, त्याआधी पुस्तिका छापून हवी. आमचे सर्व्हिस इंजिनिअर बघतील.’

वर्डमध्ये मोजले तर १४,२०० शब्द. पानाला ३०० रुपये सांगितले असते तर १९,२०० झाले असते. शब्दांच्या हिशेबाने होतात २८,४००. पण खरी अडचण तारखेची होती. मी दिवसाला नीट असे साधारण २,००० शब्द करतो. म्हणजे सात दिवस भाषांतर, दोन दिवस तपासणी. उरलेल्या तीन दिवसांत त्यांच्या इंजिनिअरने वाचायचं, डीटीपीवाल्याने पानं लावायची आणि छापखान्याने छापायची. होणारच नव्हतं.

मग फाइल उघडून नीट वाचली. पहिल्या २२ पानांत पंप जोडणं, औषध मिसळताना घ्यायची काळजी, नॉझल साफ करणं आणि बॅटरी चार्जिंग. पुढची पानं म्हणजे सुट्या भागांची यादी, वॉरंटीच्या अटी, डीलरसाठीच्या सूचना. मी फोन केला आणि विचारलं, ‘प्रदर्शनात शेतकऱ्याच्या हातात यातलं काय द्यायचंय?’ ते म्हणाले, ‘वापर कसा करायचा तेवढंच हो. बाकीचं डीलरला.’

सगळ्या संवादातला हा एक प्रश्न सर्वांत जास्त कामाचा ठरला. २२ पानांत ५,२०० शब्द होते, म्हणजे १०,४०० रुपये आणि तपासणी धरून चार दिवस. उरलेले ९,००० शब्द, १८,००० रुपये, प्रदर्शनानंतर. त्यांचा छापण्याचा दिवस वाचला, मला रात्री जागून घाईचं भाषांतर द्यावं लागलं नाही.

तपासणारा कोण, या प्रश्नाचा उपयोगही इथे दिसला. इंजिनिअर साहेबांना ‘तोटी’ नको होतं, ‘नॉझल’च हवं होतं. ‘झडप’ नको, ‘व्हॉल्व्ह’. शेतकरीही दुकानात तेच शब्द बोलतो. म्हणून पहिल्याच दिवशी तीस शब्दांची यादी त्यांना पाठवून मंजूर करून घेण्याचं कोटेशनमध्येच लिहिलं. ही यादी नसती तर ‘एकदा दुरुस्त्या’ची तीन आवर्तनं झाली असती.

कोटेशन एका पानाचं ठेवलं. दोन टप्पे, प्रत्येकाचे शब्द, रक्कम, तारीख. पहिल्या टप्प्याची अर्धी रक्कम आगाऊ. ‘काम शब्दयादी मंजूर झाल्यावर सुरू, मंजुरीला उशीर झाला तर तारीख तितकीच पुढे.’ सांगितलेला दर १५ दिवसांपुरताच लागू. आणि एक ओळ जी नवीन लोक हमखास विसरतात: ‘मजकूर युनिकोडमध्ये वर्ड फाइलमध्ये मिळेल, पानं लावणं यात नाही.’ डीटीपीवाला जुन्या फॉन्टवर काम करत असेल तर युनिकोड बदलून घेताना जोडाक्षरं तुटतात. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींना लागणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू नसेल तर ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या आधी न येता नंतर येते. छापलेली चूक मग भाषांतरकाराच्या नावावर जाते. म्हणून छपाईआधीचा प्रूफ मी बघणार, हेही त्यात लिहिलं.

प्रश्न तीनच ठेवा. मी एकदा चौदा प्रश्नांचा फॉर्म केला होता. तो भरून एकही परत आला नाही. फाइल बघून जे स्वतःला कळतं, ते ग्राहकाला विचारू नका.

सगळेच उत्तर देतात असंही नाही. काहींना काम द्यायचंच नसतं. कार्यालयाच्या नियमाप्रमाणे तीन कोटेशनं फाइलला लावायची असतात आणि तुमचं तिसरं असतं. ओळख सोपी आहे: लेटरहेड, सही-शिक्का आणि आजची तारीख आग्रहाने मागतात, पण फाइल देत नाहीत आणि काम कधी हवं ते त्यांनाच माहीत नसतं. अशांना मी एकूण रक्कम न टाकता फक्त दराचं पत्र देतो: मूळ शब्दाला २ रुपये, स्कॅन असल्यास वेगळा आकार, एकूण रक्कम फाइल पाहिल्यावर. पाच मिनिटांत होतं. त्यातल्या एका कार्यालयाचा चार महिन्यांनी पुन्हा फोन आला, या वेळी फाइलसकट.