सावली ठेवावी की कापावी?
पांढऱ्या कागदावर टिपलेल्या चिनी मातीच्या कपाची पार्श्वभूमी काढताना, सावलीचा निर्णय छायाचित्र पुढे कोठे वापरायचे यावरून घ्यावा. ते पांढऱ्याच पानावर जाणार असेल, तर बुडालगतची गडद सावली राखावी, कारण ती गेली की कप अधांतरी दिसतो. दूरवर पसरलेली फिकट सावली मात्र खुशाल पार्श्वभूमी समजावी. रंगीत पानासाठी सावली कपासोबतच कापल्यास तिच्यात मिसळलेला कागदाचा पांढरेपणाही येतो आणि बुडाशी राखाडी डाग उमटतो. अशा वेळी सावली वेगळ्या लेयरवर घेऊन त्याचा ब्लेंड मोड Multiply ठेवावा, म्हणजे पांढरा भाग नाहीसा होऊन खालचा रंग तेवढा गडद होतो. काळ्या पानावर ती दिसणारच नाही, तेव्हा तेथे ती काढलेलीच बरी.