मोडांच्या सॅलडचा फोटो पाठवून ‘कच्चं खाऊ का?’ विचारताय? या चुका टाळा

आठवड्याला दोन-तीन फोटो तरी येतात. काचेचा बाऊल, वर कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड आणि खाली एकच ओळ: ‘मावशी, हे असंच खाल्लं तर चालेल ना?’ विचारणारा चमचा हातात घेऊनच बसलेला असतो, त्याला फक्त ‘हो’ ऐकायचं असतं. मी आता फोटोवरून ‘हो’ म्हणायचं सोडलंय. फोटो बघून ‘नको’ सांगता येतं, ‘खा’ सांगता येत नाही. हे मला उशिरा कळलं, आणि त्याला कारण मीच.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही रेवदंड्याचे. भाताची कापणी झाली की त्याच ओलाव्यावर वाल टाकायचा, हा आमच्या रायगडातला जुना क्रम, त्यामुळे घरात वालाचा डबा कायम भरलेला असतो. त्यातलेच अर्धा किलो कडवे वाल भाचीला मुंबईला दिले होते. तिने भिजवले, मोड आणले, सोलून डाळिंब्या काढल्या. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं. मग कुठे तरी ‘हाय प्रोटीन सॅलड’ बघितलं आणि फोटो पाठवला. पांढरे टपोरे दाणे, थोडे हिरवे मूग, खवलेलं खोबरं, वर डाळिंबाचे दाणे. खाली लिहिलेलं, ‘डाळिंब घातलंय, छान दिसतंय ना?’

मी बाजारात होते, उन्हात फोनवर धड दिसत नव्हतं. पांढरे दाणे म्हणजे उकडलेले शेंगदाणे असावेत असं धरलं आणि ‘मस्त, खा’ असं लिहून मोकळी झाले. डाळिंब दिसलं, डाळिंब्या दिसल्या नाहीत! कडूपणा लागू नये म्हणून तिने गूळ-लिंबू घातलं होतं, म्हणून घरातल्या चौघांनी वाटीवाटी खाल्लं. दोन-अडीच तासांत मळमळ सुरू झाली, मग उलट्या. जावयांना तर रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सगळे उठून बसले. वालच बाधला की आणखी काही, हे त्यांनीही छातीठोक सांगितलं नाही. पण कच्चा वाल खाल्ला म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

वालात मुळातच असे पदार्थ असतात की ज्यांतून पोटात सायनाइड सुटू शकतं, शिवाय पचनात खोडा घालणारी प्रथिनंही असतात. भिजवून पाणी फेकलं, मोड आणले, साल काढली की ती कमी होतात, संपत नाहीत. संपवायचं काम शिजवण्याचं. म्हणून आपल्याकडे बिरडं शिजतं, पोपटीत शेंगा मडक्यात भाजून निघतात, पण कच्च्या डाळिंब्यांची कोशिंबीर कोणत्याही आजीने केलेली मी ऐकलेली नाही. राजमा तर याहून वाईट. चार-पाच कच्चे दाणेही माणसाला आडवं करायला पुरतात. मोड आले म्हणून तो मुगाच्या पंगतीत बसत नाही.

म्हणून फोटो आला की मी आधी दाणा ओळखते. सालीसकट वाल ओळखणं सोपं: चपटा दाणा आणि कडेने पांढरी जाड रेघ, भुवई काढल्यासारखी. सोलल्यावर ती रेघ जाते आणि घोटाळा तिथेच होतो. मग आकार बघायचा. मुगाचा दाणा डाळिंबाच्या दाण्याहून लहान असतो, वालाची डाळिंबी त्याच्याहून चांगली मोठी, चपटी, दोन जाड दलांची आणि टोकाला वाकडा मोड असलेली. मटकी बारीक, लांबट आणि तपकिरी. शेजारी काहीच नसेल तर मी एक रुपयाचं नाणं ठेवून पुन्हा फोटो काढायला सांगते. लोकांना राग येतो. येऊ दे.

दाणे वाफवलेले आहेत का, याचा अंदाज मात्र फोटोवरून येतो. कच्च्या मुगाचा मोड ताठ, पांढराशुभ्र आणि साल पोपटी-हिरवी असते. वाफ लागली की मोड मान टाकतो, सालीचा रंग सुकलेल्या पानासारखा मळकट हिरवा होतो आणि ती कुठे कुठे फाटते. पण मुरलेलं लिंबूही रंग तसाच मळवतं, तेव्हा एकट्या रंगावर जाऊ नका, मोडाचा ताठपणा बघा.

दुसरी चूक पांढऱ्या लवेची. मुळाभोवती कापसासारखं काही दिसलं की अर्धे लोक ‘बुरशी’ म्हणून चांगले मूग फेकतात, आणि उरलेले अर्धे खरी बुरशी ‘मुळं असतील’ म्हणत खातात. मुळाची लव फक्त मुळावर असते, सगळीकडे सारखी, आणि पाण्याखाली धरली की चिकटून दिसेनाशी होते. बुरशी दाण्यावरही चढते, एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाळं टाकते आणि मधे राखाडी किंवा काळे ठिपके दिसतात. हे फोटोत दिसेलच असं नाही, कारण पाठवताना फोन फोटो दाबून लहान करतो आणि बारीक जाळं पुसलं जातं. नळाखाली धरून बघायला अर्धं मिनिट लागतं. तेवढाही धीर नसेल तर मोड कशाला आणता?

‘पण माझे मूगच आहेत, ताजे आहेत, स्वच्छ दिसतायत.’ दिसणारच. ज्या जंतूंची भीती असते ते बहुतेकदा बियाण्याबरोबरच येतात, आणि आपण फडक्यात बांधून त्यांना ऊब आणि ओल देतो. आमच्या दमट हवेत तर पाहुणचारच. रंग बदलत नाही, वासही येत नाही. जर्मनीत 2011 साली मेथीच्या मोडांमुळे हजारो लोक आजारी पडले आणि पन्नासच्या आसपास दगावले, तेव्हा ते मोड बघून कुणाला शंका आली नव्हती. म्हणून पोटुशी बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आजारातून उठलेलं कुणी खाणार असेल तर मूगसुद्धा शिजवूनच.

लिंबू, मीठ, कोकमाचं आगळ यांनी जंतू मरतात हा समज सोडा.

कालचं सॅलड फ्रीजबाहेर राहिलं असेल तर फोटोच पाठवू नका, टाकून द्या.

पिवळ्या दिव्याखालचा फोटो नको, खिडकीशी या.

माझी स्वतःची रीत म्हणाल तर मुगा-मटकीचे मोड उकळत्या पाण्यात टाकायचे, पुन्हा उकळी फुटली की पाच मिनिटं मोजायची आणि निथळायचे. कुरकुरीतपणा थोडा जातो, पण काकडी कशासाठी असते? डाळिंब्या ताज्या पाण्यात शिजवायच्या, बोटाने दाबल्या की मऊ लागेपर्यंत. राजमा भिजवल्याचं पाणी फेकून नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळवायचा आणि मग पुढे शिजवायचा. मंद आचेवर कोमट ठेवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो.

भाची अजून फोटो पाठवते. हल्ली फोटोच्या आधी लिहिते, ‘मूग, काल रात्री भिजवले, तीनदा धुतले, पाच मिनिटं उकळले.’ मग मी फोटो उघडते, कोथिंबीर जास्त झाली एवढंच सांगते.