चूर्णातलं शिसं: शिक्का पाहून थांबू नका, अहवाल कसा वाचायचा ते पाहा

आयुर्वेदिक चूर्णाच्या डब्यावर जीएमपी, ऑरगॅनिक, आयुष असे तीन-चार शिक्के दिसले की आपण निर्धास्त होतो. पण शिसं, पारा, आर्सेनिक आणि कॅडमियम यांबद्दल खरं सांगणारा कागद डब्यावर नसतो. तो मागावा लागतो. त्याला तपासणी अहवाल किंवा सीओए म्हणतात.

आधी घटकांची यादी वाचा

काही औषधांत धातू मुद्दाम घातलेला असतो. नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म, कज्जली आणि रससिंदूर म्हणजे पारा-गंधक, हरताळ आणि मनःशिळा म्हणजे आर्सेनिक. साधा योगराज गुग्गुळ वनस्पतींचा असतो. महायोगराज गुग्गुळात नागभस्म आणि रससिंदूर दोन्ही असतात. नावात फरक फक्त 'महा'चा. वनस्पतिजन्य औषधांसाठीच्या धातूंच्या मर्यादा अशा रसौषधींना लावून चालत नाही. ती वैद्यांनी तपासून दिल्याशिवाय घेऊ नयेत. पुढचं सगळं निव्वळ वनस्पतींच्या चूर्ण-गोळ्यांबद्दल आहे. त्यांत धातू येतो तो जमिनीतून, वाळवणावरच्या धुळीतून किंवा दळण्याच्या यंत्रातून.

मग बॅच क्रमांक देऊन अहवाल मागा

कंपनीला ईमेल करा आणि डब्यावरचा बॅच क्रमांक लिहा. दोन वर्षांपूर्वीच्या बॅचचा अहवाल तुमच्या डब्याबद्दल काही सांगत नाही, कारण मुळ्या दर वेळी वेगळ्या शेतातून येतात. अहवाल आला की प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या मंडळाची त्या प्रयोगशाळेला मान्यता आहे का आणि अहवालावर यूएलआर, म्हणजे त्या अहवालाचा स्वतंत्र क्रमांक, आहे का ते बघा. मान्यता सरसकट नसते, ठरावीक चाचण्यांसाठी असते. म्हणून शिशाची चाचणी त्या यादीत आहे का, हे एनएबीएलच्या संकेतस्थळावर तपासता येतं. 'नमुना ग्राहकाने सादर केला' अशी बारीक ओळही बहुतेक वेळा असते. म्हणजे कंपनीने जो नमुना पाठवला, तोच तपासला गेला. तो कुठल्या पोत्यातून काढला याची हमी प्रयोगशाळा देत नाही.

आकड्याला मात्रेने गुणा

ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. वनस्पतिजन्य औषधांसाठी आपल्याकडे शिशाची मर्यादा 10 पीपीएम, आर्सेनिकची 3, पाऱ्याची 1 आणि कॅडमियमची 0.3 आहे. 1 पीपीएम म्हणजे 1 ग्रॅममध्ये 1 मायक्रोग्रॅम. अहवालात मिलिग्रॅम प्रति किलो लिहिलं असेल तर तेही पीपीएमच.

समजा, अश्वगंधा चूर्णाच्या अहवालात शिसं 4.2 पीपीएम आहे आणि पुढे 'पास' लिहिलंय. तुम्ही सकाळ-संध्याकाळ 3-3 ग्रॅम घेता, म्हणजे दिवसाला 6 ग्रॅम. 6 गुणिले 4.2, म्हणजे रोज सुमारे 25 मायक्रोग्रॅम शिसं. तेच चूर्ण 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांतून घेतलं तर रोज 4.2. अहवाल तोच, 'पास'ही तोच, पण चूर्णातून पोटात जाणारं शिसं गोळ्यांच्या सहापट. अमेरिकेच्या एफडीएने अन्नातून रोज येणाऱ्या शिशासाठी धरलेला संदर्भ आकडा बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियांसाठी 8.8 आणि मुलांसाठी 2.2 मायक्रोग्रॅम आहे. हा आपल्याकडचा कायदा नाही, पण 'पास' शब्दाची किंमत कळायला पुरे. गरोदर बाई आणि लहान मुलं यांच्यासाठी मी तरी हा गुणाकार केल्याशिवाय डबा उघडणार नाही.

कीटकनाशकांत 'आढळले नाही' म्हणजे काय

म्हणजे, ज्यांची चाचणी केली त्यांपैकी काही आढळलं नाही. सोबतची यादी बघा. वीस नावं असतील तर एकविसाव्याबद्दल कागद गप्प आहे. शेतात सर्रास फवारलं जाणारं मॅन्कोझेब नेहमीच्या एकत्रित चाचणीत सापडत नाही, त्याची वेगळी चाचणी करावी लागते. शिवाय 'आढळले नाही'च्या शेजारी मोजमापाची खालची मर्यादा लिहिलेली हवी. ती नसेल तर त्या शब्दांना अर्थ नाही.

शिक्के काय सांगतात

जीएमपी म्हणजे कारखान्याची शिस्त. ऑरगॅनिक म्हणजे शेतीची पद्धत. जमिनीत आधीपासून असलेल्या शिशाशी त्याचा संबंध नाही. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या योजनेतली आयुष स्टँडर्ड आणि आयुष प्रीमियम ही चिन्हं ऐच्छिक आहेत. त्यांत त्रयस्थ तपासणी होते म्हणून ती जास्त उपयोगाची, पण प्रत्येक डबा तपासला जातो असं नाही.

कंपनीने अहवाल दिलाच नाही, तर दुसरी कंपनी शोधा. आणि महिनोन्‌महिने चूर्ण घेतल्यावर पोटात कळा, बद्धकोष्ठता, अंगात रक्त कमी अशी लक्षणं एकत्र दिसली, तर घेणं थांबवून डॉक्टरांना रक्तातल्या शिशाची चाचणी करायला सांगा. उरलेला डबा टाकू नका. बॅच क्रमांकासकट तो अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रारीसोबत दाखवता येतो.