एक लिटर म्हणजे पूर्ण एक लिटर : घरी ओआरएस कसं करायचं आणि सलाईन कधी लागतं

जूनमधले पहिले मोठे पाऊस झाले की पुण्यात पोटं बिघडायला लागतात. कुठे ड्रेनेजचं पाणी पिण्याच्या लाइनीत शिरतं, कुठे टँकरमधून उघड्या विहिरीचं पाणी येतं, आणि एकाच इमारतीत दोन दिवसांत चार घरांमध्ये जुलाब सुरू होतात. मी वॉर्डात नर्स म्हणून सव्वीस वर्षं काढली. अशा दिवसांत दोन तऱ्हेचे पेशंट यायचे. काहींना सलाईनची गरज नसायची, तरी ते हात पुढे करून बसलेले असायचे. काहींना ते दोन तासांपूर्वीच लागायला हवं होतं. दोघांच्याही पिशवीत बहुतेक वेळा ओआरएसचं एक पाकीट असायचं, अर्धं वापरलेलं. त्या अर्ध्या पाकिटापासूनच सुरुवात करते.

आधी पाणी मोजा

मेडिकलमध्ये ओआरएसची दोन पाकिटं मिळतात. मोठं साधारण २१ ग्रॅमचं असतं, ते १ लिटर पाण्यासाठी. लहान ४ ग्रॅमच्या आसपास, ते २०० मिलीसाठी, म्हणजे एका पेल्यासाठी. सगळा घोळ इथेच होतो. मोठं पाकीट एका पेल्यात ओतलं तर द्रावण पाचपट तीव्र होतं. मग आतडं पाणी शोषण्याऐवजी उलट शरीरातलंच पाणी ओढून घेतं, जुलाब वाढतात, आणि लहान मुलाच्या रक्तातलं मीठ इतकं चढू शकतं की झटके येतात. "थोडी पावडर टाक, थोडी नंतरला ठेव" हेही नको. पाकिटातले क्षार आणि साखर सारखे मिसळलेले असतीलच असं नाही, शिवाय उघडं पाकीट पावसाळी हवेत ओलं होतं.

पाणी उकळा, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट थांबा, झाकून गार करा आणि मग मोजा. उकळताना वाफ जाते, म्हणून आधी मोजलेलं लिटर नंतर लिटर राहत नाही. मोजायला पाण्याची १ लिटरची स्वच्छ बाटली सगळ्यांत सोपी. ती नसेल तर दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या कामाला येतात. साथ नसताना एकदा दोन पिशव्या पातेल्यात ओतून बघा आणि दूध कुठपर्यंत आलं ती खूण लक्षात ठेवा. पेल्यांवर विसंबू नका, कारण माझ्या स्वतःच्या मांडणीत १८० मिलीपासून ३०० मिलीपर्यंतचे पेले आहेत आणि सगळ्यांना आम्ही 'पेला'च म्हणतो.

हात साबणाने धुवा, पूर्ण पाकीट १ लिटर पाण्यात टाका, स्वच्छ चमच्याने ढवळा आणि एक घोट चाखा. चव आसवांइतकी खारट लागली पाहिजे, त्याहून जास्त नाही. जास्त खारट लागलं तर ते फेकून नवीन करा. त्यात वरून साखर, ग्लुकोज पावडर किंवा सरबत घालू नका आणि तयार ओआरएस पुन्हा उकळू नका. झाकून ठेवलेलं २४ तास चालतं, उरलेलं ओतून द्या.

पाकीट नसेल तर घरचं मीठ-साखर चालतं, पण तिथेही माप हवं. 'चिमूटभर मीठ, मूठभर साखर' यातली मूठ माझी वेगळी आणि माझ्या नवऱ्याची वेगळी. सिरपच्या बाटलीचं टोपण घ्या, त्यावर २.५ आणि ५ मिलीच्या रेघा असतात. ते धुऊन कोरडं करा. १ लिटर पाण्याला बारीक मीठ २.५ मिलीच्या रेघेपर्यंत एकदा, आणि साखर ५ मिलीच्या रेघेपर्यंत सहा वेळा, दोन्ही सपाट. खडे मीठ असेल तर आधी कुटून घ्या. यात पाकिटातलं पोटॅशियम आणि सायट्रेट नसतं, त्यामुळे हे पाकीट मिळेपर्यंतच.

मीठ आणि साखर दोन्ही का लागतात? अशा घाण पाण्यातून होणाऱ्या कॉलऱ्याचं विष आतड्याच्या भिंतीला क्षार आणि पाणी बाहेर ओतायला लावतं. पण त्या भिंतीत एक दार शाबूत राहतं. त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. एकटं मीठ किंवा एकटी साखर त्या दारातून नीट जात नाही. म्हणूनच कोल्ड्रिंक, ग्लुकोज पावडरचं पाणी किंवा नुसतं शहाळं हे ओआरएस नव्हे. टेट्रापॅकमधल्या गोड पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला एफएसएसएआयने २०२५च्या ऑक्टोबरमध्ये बंदी घातली, ती याच गोंधळामुळे. पेज, मीठ घातलेलं ताक, मऊ भात मात्र सोबत जरूर द्या. आणि डायबेटिस आहे म्हणून ओआरएस टाळू नका. लिटरमागे त्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं आणि ते पाणी आत नेण्यापुरतंच आहे.

किती पाजायचं : एका रात्रीचा हिशोब

आमच्या शेजारच्या विंगमधल्या काकू. वजन ५० किलो. रात्री दहाला जुलाब सुरू झाले. एक वाजता त्यांच्या सुनेने मला उठवलं तोवर आठ वेळा झाले होते, आणि जे पडत होतं ते तांदळाच्या धुवणासारखं होतं. पोटात कळ नाही, ताप नाही. सून म्हणाली, "ताई, बंद व्हायची गोळी दिली, पण काही फरक नाही." ती गोळी आधी बाजूला ठेवायला लावली. अशा जुलाबांत ती उपयोगी पडत नाही, आणि पाणी आतड्यातच तुंबलं तर किती गेलं ते बाहेरून कळत नाही.

काकू जाग्या होत्या, बोलत होत्या, पेला दिसला की झडप घालत होत्या. तोंड कोरडं, डोळे थोडे आत गेलेले. मी पोटावर, बेंबीच्या बाजूला, कातडीची चिमटी वर उचलून सोडली. ती हळू पण दोन सेकंदांच्या आत खाली बसली. मनगटाची नाडी जलद, पण हाताला लागत होती. ही मधली अवस्था झाली. पाणी कमी झालंय, पण तोंडाने भरून काढता येईल.

यासाठी सरळ सूत्र आहे. वजन गुणिले ७५ मिली, चार तासांत. काकूंना ५० × ७५, म्हणजे ३७५० मिली. तासाला जवळजवळ एक लिटर, किंवा दर बारा मिनिटांनी २०० मिलीचा एक पेला. ऐकायला फार वाटतं, पण तहानलेला माणूस घोट घोट तेवढं घेतो. १० किलोच्या बाळाला ७५० मिली लागतील. ते चमच्याने, दर दीड मिनिटाला एक चमचा. आईचं दूध चालूच ठेवायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं, पण आणखी हळू. "उलटी होते म्हणून पाणी बंद केलं" हे वाक्य मी वॉर्डात इतक्यांदा ऐकलंय की कान विटले.

पाणी भरून निघाल्यावरही प्रत्येक जुलाबामागे ओआरएस द्यायचं असतं. दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली, दहा वर्षांपर्यंतच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्यांना हवं तेवढं. मुलांना झिंकच्या गोळ्या डॉक्टर देतात. जुलाब थांबले तरी त्यांचा कोर्स पूर्ण करा.

मी सुनेला वही आणि बादली दिली. वहीत पेले लिहायचे, बादलीत काय पडतं ते बघायचं. बादली रिकामी करताना ब्लीचिंग पावडर टाकायची.

सलाईन कधी

दोन वाजता वही बघितली. काकूंच्या पोटात ९०० मिली गेलं होतं, पण बादलीत दीड लिटरच्या वर आलं होतं आणि शिवाय दोन उलट्या. बाहेर पडणारं पोटात जाणाऱ्यापेक्षा जास्त असेल तर पाजणं हरतंय, हे सलाईनचं पहिलं कारण. दुसरं जास्त भयंकर होतं. काकूंनी पाणी मागणं सोडलं होतं. घरच्यांना वाटलं, तहान भागली, झोप लागली. हाक मारली तर उत्तर उशिरा यायचं. हात गार होते, नाडी शोधावी लागत होती, आणि पोटावरची चिमटी सोडल्यावर दोन सेकंद उलटले तरी उभीच होती.

ही लक्षणं नीट ओळखून ठेवा. गुंगी किंवा शुद्ध हरपणं, पिता न येणं, डोळे खोल जाणं, कातडीची घडी दोन सेकंदांहून जास्त तशीच राहणं. यातली कोणतीही दोन दिसली, किंवा नाडी लागेनाशी झाली, की घरचे उपाय संपले. उलट्यांमुळे काहीच पोटात टिकत नसेल, पोट फुगून टम्म झालं असेल, किंवा बाळाला झटका आला असेल, तरीही तेच. चिमटीवर एकटीवर मात्र विसंबू नका. म्हाताऱ्या माणसांची कातडी एरवीही हळू बसते आणि गुटगुटीत बाळाची फसवून पटकन बसते. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी इतकं थांबूच नये, त्यांनी सुरुवातीलाच डॉक्टरांकडे जावं.

नुसता अशक्तपणा हे सलाईनचं कारण नव्हे. जो माणूस जागा आहे, पितो आहे आणि लघवी करतो आहे, त्याला सुईतून जे मिळेल ते पेल्यातूनही मिळतं.

आणि सलाईन लागतंच तेव्हा एका बाटलीने भागत नाही. गंभीर अवस्थेत किलोमागे १०० मिली रिंगर लॅक्टेट, म्हणजे क्षारांचं सलाईन, द्यावं लागतं. काकूंना म्हणजे ५ लिटर, ५०० मिलीच्या दहा बाटल्या. त्यातल्या तीन पहिल्या अर्ध्या तासात, उरलेल्या सात पुढच्या अडीच तासांत. वर्षाखालच्या बाळाला हेच प्रमाण सहा तासांत विभागून देतात. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात थेंब-थेंब दोन तास चाललेली एक बाटली अशा माणसाला वाचवत नाही, वेळ मात्र खाते. ती नुसत्या डेक्स्ट्रोजची, म्हणजे साखरेच्या पाण्याची असेल तर गेलेलं मीठ परतच येत नाही. म्हणून जिथे रात्रभर बाटल्या बदलणारं माणूस आहे तिथेच जा, आणि गाडी नसेल तर १०८ला फोन करा. पेशंट शुद्धीवर असेल तर वाटेत ओआरएसचे घोट चालू ठेवा. गुंगीत असेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जाईल.

काकूंना पावणेतीनला दोन्ही हातांना सुया लागल्या. सुनेने ती वही सोबत नेली होती. किती वाजल्यापासून, किती वेळा, किती पोटात गेलं, हे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना एका मिनिटात कळलं. पाच वाजता काकू "पाणी" म्हणाल्या, तेव्हा सलाईन चालू असतानाच आम्ही पुन्हा ओआरएस पाजायला लागलो. साडेसहाला त्यांना लघवी झाली, आणि मी घरी चहा प्यायला आले.