सामाईक शेतजमिनीच्या वाटपासाठी सहहिस्सेदारांना पत्र कसं लिहावं

आधी ताजा सातबारा आणि गटाचा नकाशा समोर घ्या. सातबाऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येकाला पत्र जायला हवं, लग्न होऊन गेलेल्या बहिणींनाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदार संमतीचं वाटप करतात ते सगळ्या सहधारकांची संमती असेल तरच. एक सही राहिली की प्रकरण अडतं. कुणी वारलं असेल तर वारसनोंद आधी करून घ्या.

मग शिवारात जाऊन वाटणी मांडून बघा. समजा, दोन भाऊ आणि एक बहीण मिळून 2 हेक्टर 40 आर जमीन आहे. दक्षिणेला 120 मीटर रस्ता, तिथून उत्तरेकडे 200 मीटर लांबी. उत्तरेचा भाग मुरमाड आणि विहीर पूर्वेच्या बांधाजवळ. आडवे तुकडे पाडले तर एकाला रस्ता आणि काळी जमीन मिळते, तर दुसऱ्याच्या वाट्याला नुसता मुरूम येतो आणि जायला वाटही राहत नाही. म्हणून 40 मीटर रुंदीच्या उभ्या पट्ट्या पाडाव्यात. प्रत्येकाला 80 आर मिळतात, रस्ता लागतो आणि मुरूमही सारखाच वाट्याला येतो. क्षेत्र सारखं असूनही वाटणी फिसकटते ती बहुधा वाट आणि पाणी यांवरून, तेव्हा पत्रात या दोन गोष्टी मोकळेपणानं लिहा. हिस्सा तुमच्या भागातल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान होत नाही ना, हे तलाठ्याकडे विचारून घ्या.

वरचा मजकूर गट नंबर, गाव, एकूण क्षेत्र आणि प्रत्येकाचा हिस्सा एवढाच असावा. पुढे असं लिहिता येईल:

"ती. दादा व ताई यांस, सा. न. वि. वि. आपल्या सामाईक गटाचं वाटप व्हावं असं मला वाटतं. पश्चिमेची पट्टी दादांनी, मधली ताईंनी आणि पूर्वेची मी घ्यावी, असा प्रस्ताव आहे. विहीर माझ्या पट्टीत येत असली तरी ती तिघांची सामाईक राहील. पाण्याच्या पाळ्या ठरवून घेऊ आणि पाइपलाइन माझ्या व ताईंच्या पट्टीतून नेता येईल. मोजणीचा खर्च तिघांत समान. पट्ट्यांची अदलाबदल हवी असल्यास मला चालेल. सोबत हातनकाशा जोडला आहे. एक महिन्यात लेखी कळवावं."

"वाटणी झाली आहे" असं पत्रात कुठंही लिहू नका. हा प्रस्तावच राहायला हवा. "उत्तर न आल्यास संमती समजू" हे वाक्यही टाळा, कारण गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. सोसायटीचा बोजा असेल तर तो कोण फेडणार, हे त्याच पत्रात येऊ द्या.

दादांना पत्र हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही घ्या. बाहेरगावी असलेल्यांना पोचपावतीसह टपालानं पाठवा.

सगळ्यांचा होकार आला की तहसीलदारांकडे अर्ज करा आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून पोटहिस्सा मोजणी करून घ्या. एकानं जरी नकार दिला तरी दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावावा लागतो. तिथं हे पत्र आणि पोचपावती वकिलाकडे द्या.